बरोबर चावीनं उघडलेली कुलपं

सोमवारी सकाळी चिपळूणहून एका बाईंचा फोन आला. आमच्या एका ग्राहकाच्या, म्हणजे किराणा आणि घरगुती सामान ऑनलाइन विकणाऱ्या एका दुकानाच्या, ग्राहक सेवेत. दुकानाचं नाव सांगता येणार नाही, पण तिथली लॉगिनची यंत्रणा आमचा चार जणांचा गट सांभाळत होता. बाईंची तक्रार साधी होती. त्यांच्या खात्यात दोन वर्षांच्या खरेदीतून साठलेले १,८५० पॉइंट होते, दिवाळीच्या सामानासाठी राखून ठेवलेले. ते शून्य झाले होते. कुणीतरी त्यांचं गिफ्ट व्हाउचर करून घेतलं होतं. फोन घेणाऱ्या मुलानं विचारलं, "ताई, पासवर्ड कुणाला सांगितला होता का?" त्या म्हणाल्या, "अहो, माझ्या नवऱ्यालासुद्धा माहीत नाही. आणि रात्री सव्वादोनला मी झोपलेली होते."

तक्रार आमच्याकडे आली तेव्हा मी त्यांच्या खात्याची नोंद काढली. एकही चुकीचा प्रयत्न नव्हता. रविवारी पहाटे २ वाजून १४ मिनिटांनी कुणीतरी आलं होतं, पहिल्याच फटक्यात बरोबर पासवर्ड दिला होता आणि आत गेलं होतं. यंत्रणेच्या नजरेतून पाहिलं तर काहीच घडलं नव्हतं. ग्राहक आली, खरेदी केली, गेली.

चोर कुलूप फोडून आला नव्हता, चावी घेऊन आला होता. ती चावी आमच्याकडून गेलेली नव्हती. ती दुसऱ्याच कुठल्यातरी संकेतस्थळावरून, कदाचित काही वर्षांपूर्वी, चोरीला गेली होती. बाईंनी तोच ईमेल आणि तोच पासवर्ड दोन्हीकडे वापरला होता. घराला, दुकानाला आणि कपाटाला एकच किल्ली असावी, तसं. या हल्ल्याला क्रेडेन्शियल स्टफिंग म्हणतात. सुमित अगरवाल अमेरिकेच्या संरक्षण खात्यात काम करत असताना २०११ मध्ये त्यांनी हा शब्द घडवला. एका ठिकाणाहून फुटलेल्या ईमेल-पासवर्डच्या जोड्या घ्यायच्या आणि दुसऱ्या ठिकाणच्या लॉगिनमध्ये एकामागून एक कोंबत जायचं. जोड्यांना तोटा नाही. जानेवारी २०१९ मध्ये ट्रॉय हंट या सुरक्षातज्ज्ञानं 'कलेक्शन १' नावाच्या एका गठ्ठ्याची माहिती जाहीर केली. त्या एकाच गठ्ठ्यात ७७ कोटींहून अधिक वेगवेगळे ईमेल पत्ते होते.

हा प्रकार पासवर्डचा अंदाज बांधत बसण्याहून वेगळा आहे, आणि हा फरक नीट कळला नाही तर पुढची सगळी उपाययोजना चुकीच्या दिशेनं जाते. अंदाज बांधणारा चोर एकाच दारासमोर उभा राहतो आणि हजार किल्ल्या लावून बघतो. स्टफिंग करणाऱ्याजवळ हजार दारांच्या हजार किल्ल्या असतात. तो प्रत्येक दारात एकदाच हात घालतो आणि पुढे जातो.

आमच्या दुकानाच्या लॉगिनला दोन पहारेकरी होते. पहिला नियम असा की एकाच खात्यावर ५ वेळा चुकीचा पासवर्ड पडला तर खातं अर्धा तास बंद. दुसरा असा की एकाच आयपी पत्त्यावरून मिनिटाला ५ पेक्षा जास्त प्रयत्न आले तर ते अडवायचे. दोन्ही नियम व्यवस्थित चालू होते. त्या रात्री दोघांपैकी एकानंही तोंड उघडलं नाही. का ते नोंदींत सापडलं.

सुदैवानं आमच्या नोंदी बऱ्या होत्या. प्रत्येक प्रयत्नाची एक ओळ, अशी:

```
02:14:07 ip=203.0.113.41  acct=9f3c1a res=no_user  fp=7d21
02:14:09 ip=198.51.100.7  acct=c07be2 res=bad_pass fp=7d21
02:14:09 ip=192.0.2.88    acct=41d0aa res=ok       fp=7d21
```

पहिली दोन माणसं आत गेली नाहीत, तिसरं गेलं. `acct` म्हणजे खातं. तिथे ईमेल उघडा लिहिलेला नाही, गुप्त किल्ली वापरून केलेला त्याचा हॅश आहे. याला एक व्यवहारी कारण आहे. घाईघाईत लोक ईमेलच्या चौकटीत पासवर्ड टाइप करतात आणि एंटर दाबतात. चौकटीत आलेला मजकूर जसाच्या तसा नोंदीत उतरवला, तर आपल्याच नोंदवहीत पासवर्डांची यादी तयार होते. `res` म्हणजे निकाल, आणि यात तीन पर्याय आहेत. खातंच अस्तित्वात नाही, खातं आहे पण पासवर्ड चुकला, किंवा बरोबर. ग्राहकाला मात्र पहिल्या दोन्ही वेळी पडद्यावर अक्षरशः एकच वाक्य दिसायला हवं, नाहीतर कुठला ईमेल आपला ग्राहक आहे ते आपणच चोराला सांगून टाकतो. उत्तर यायला लागणारा वेळही सारखा हवा. पासवर्ड पडताळायला बीक्रिप्टसारखी पद्धत मुद्दाम थोडा वेळ घेते. नसलेल्या खात्यासाठी ती पडताळणी वगळली तर उत्तर झटकन येतं आणि तेवढ्यावरून चोराला कळतं. म्हणून नसलेल्या खात्यासाठीही एक खोटी पडताळणी चालवायची. पण आतल्या नोंदीत हा फरक जपून ठेवायचा, कारण पुढचा सगळा शोध त्याच्यावरच उभा राहतो.

मी आधी जे केलं ते कुणीही करेल. सगळ्यात जास्त प्रयत्न करणाऱ्या आयपी पत्त्यांची उतरती यादी काढली. यादीच्या डोक्यावर एका मोबाइल कंपनीचा पत्ता होता. मी तो बंद करायच्या बेतात होतो. माझी सहकारी म्हणाली, "थांब, त्यातले यशस्वी किती ते बघ." जवळजवळ सगळेच यशस्वी होते. ते खरे ग्राहक होते. मोबाइल कंपन्यांकडे जुन्या पद्धतीचे पत्ते पुरेसे नसतात, म्हणून त्या शेकडो ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात. मी तो पत्ता बंद केला असता, तर चोराला काही झालं नसतं आणि शेकडो घरांचं सामान अडलं असतं.

मग सहकारीनं प्रश्न उलटा केला. कुणी जास्त प्रयत्न केले हे विचारण्याऐवजी तिनं तासातासाचं चित्र काढलं:

```sql
SELECT date_trunc('hour', t) AS h,
       count(*)              AS tries,
       count(DISTINCT ip)    AS ips,
       count(DISTINCT acct)  AS accts,
       avg((res='no_user')::int) AS unknown
FROM login_log GROUP BY h ORDER BY h;
```

शेवटच्या रकान्यात ते उघडं पडलं. एरवी आमच्याकडे १०० प्रयत्नांत साधारण १४ फसतात, आणि त्यातले ४ अनोळखी ईमेलचे असतात. कुणी जुना ईमेल टाकतं, कुणी टाइप करताना चुकतं. म्हणजे अनोळखी खात्यांचं प्रमाण ४ टक्क्यांच्या आसपास. शनिवारच्या मध्यरात्रीनंतर, १ वाजून १० मिनिटांपासून ते ५.४० पर्यंत, हे प्रमाण ९२ टक्के होतं.

आता आकडे सावकाश बघू. या साडेचार तासांत एकूण ३१,४०० प्रयत्न झाले. त्यातले सुमारे ६०० नेहमीचे, रात्रपाळीवरच्या आणि परदेशातल्या ग्राहकांचे. उरलेले ३०,८०० हल्ल्याचे. ते २,६४० वेगवेगळ्या आयपी पत्त्यांवरून आले होते. म्हणजे एका पत्त्याच्या वाट्याला सरासरी १२ सुद्धा नाहीत, तेही साडेचार तासांत पसरलेले. मिनिटाला ५ ची मर्यादा त्यांना कधी लागणारच नव्हती. हे पत्ते बहुतेक घरगुती इंटरनेट जोडण्यांचे होते, काही भारतातलेच. अशा जोडण्या भाड्यानं मिळतात. घरमालकाला कल्पनाही नसते की आपल्या राउटरमधून कुणाचं तरी लॉगिन जातं आहे. आणि या ३०,८०० प्रयत्नांत वेगवेगळी खाती होती ३०,६१२. जवळजवळ प्रत्येक खात्यावर एकच प्रयत्न. पाच चुकांनंतर कुलूप लावणारा पहारेकरी कुणाच्या पाच चुका मोजणार?

त्या ३०,६१२ पैकी आमच्याकडे खरोखर खाती होती १,९०४ जणांची. त्यातल्या २१२ जणांचा पासवर्ड बरोबर निघाला. बाई त्या २१२ मधल्या एक.

हल्ला आणखी एका गोष्टीवरून ओळखता येत होता. नोंदीतलं `fp` म्हणजे ब्राउझरनं पाठवलेल्या माहितीचा ठसा. ब्राउझर स्वतःचं नाव सांगतो, भाषा सांगतो, काही गोष्टी ठरावीक क्रमानं पाठवतो. त्या रात्रीच्या बहुतेक सगळ्या प्रयत्नांचा ठसा एकच होता. तो स्वतःला क्रोम म्हणवत होता, पण `Accept-Language` हे शीर्षक पाठवत नव्हता. खरा क्रोम ते पाठवतोच. शिवाय खरं माणूस लॉगिनचं पान उघडतं, पानासोबत चित्रं आणि रंगरूपाच्या फायली उतरतात, मग काही सेकंदांनी पासवर्ड येतो. इथे पान कुणी उघडलंच नव्हतं. थेट पासवर्डच आदळत होता. एकच ठसा हजारो घरांतून येतो आहे हे दिसलं की शंका उरत नाही. मात्र चोराला हे कळलं तर ठसा बदलायला त्याला दहा मिनिटं पुरतात, म्हणून ठशावर शोध उभा करावा, बचाव करू नये.

असे हल्ले महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षात येत नाहीत, आणि ते फक्त छोट्या दुकानांचंच होतं असं नाही. डीएनए तपासणी करणारी अमेरिकन कंपनी २३अँडमी हिच्यावर २०२३ च्या एप्रिल अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत हेच चालू होतं. सुमारे १४,००० खाती थेट उघडली गेली. पण त्या सेवेत दूरच्या नातेवाइकांची माहिती एकमेकांना दिसण्याची सोय होती, म्हणून त्या १४,००० खिडक्यांतून जवळपास ६९ लाख लोकांची माहिती बाहेर गेली. कंपनीला कळलं ते ऑक्टोबरमध्ये, ही माहिती विकायला आल्यावर. कंपनीची भूमिका अशी होती की लोकांनी पासवर्ड परत वापरले, तो त्यांचा दोष. ब्रिटनच्या माहिती आयुक्तालयाला ते पटलं नाही आणि जून २०२५ मध्ये त्यांनी कंपनीला २३ लाख १० हजार पौंड दंड केला. मला आयुक्तालयाचं म्हणणं पटतं. चिपळूणच्या बाईंच्या घरच्या चावीबद्दल मी त्यांना बोल लावू शकतो, पण ३०,००० अनोळखी चाव्या एका रात्रीत माझ्या दारात फिरत होत्या हे त्यांना दिसणं शक्य नव्हतं. ते फक्त मलाच दिसू शकत होतं.

सोमवारी दुपारी आम्ही आधी त्या २१२ खात्यांकडे वळलो. इथे माझं ठाम मत आहे. हल्ला कळला की सगळ्यांचं लक्ष फसलेल्या प्रयत्नांच्या डोंगराकडे जातं, कारण तो मोठा दिसतो. नुकसान असतं ते यशस्वी ओळींत. ज्या पत्त्यांवरून सहाहून जास्त अनोळखी खाती तपासली गेली होती, किंवा ज्यांचा ठसा तोच होता, त्यांच्यावरून झालेलं प्रत्येक यशस्वी लॉगिन आम्ही वेगळं काढलं. त्या खात्यांचे पासवर्ड रद्द केले. एवढ्यावर बरेच जण थांबतात आणि फसतात. पासवर्ड बदलला तरी आधीच उघडलेलं सत्र चालूच राहतं, चोर आतच बसलेला असतो. म्हणून आधी सगळी सत्रं तोडायची. मग त्या खात्यांत ईमेल, फोन किंवा पोचवण्याचा पत्ता बदलला आहे का ते बघायचं, कारण ईमेल बदलला असेल तर नवा पासवर्ड ठरवायची चिठ्ठी थेट चोराकडे जाते. आमच्याकडे ९ खात्यांत तसं झालं होतं. त्या ग्राहकांना आम्ही एकेक करून फोन केला. भारतात सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे असा अनधिकृत शिरकाव लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावा लागतो आणि नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. ६ तास फार झरझर जातात, म्हणून कळवण्याचं काम एकाकडे सोपवून बाकीच्यांनी हात चालवलेले बरे.

मग मर्यादांचा विचार. दोन जुने पहारेकरी आम्ही काढले नाहीत, पण त्यांची घडण बदलली.

खात्यावरच्या कुलपाचा मोठा धोका असा की ते कुणीही बाहेरून लावू शकतं. पाच वेळा चुकीचा पासवर्ड टाकला की तुमचं खातं बंद. मग मला तुमच्याशी वैर असेल तर मी दर अर्ध्या तासानं पाच चुका करत राहीन, आणि तुम्ही कधीच आत जाऊ शकणार नाही. हजारो खात्यांवर हेच केलं तर सेलच्या दिवशी अख्खं दुकान बंद पाडता येतं. म्हणून आम्ही कायमचं कुलूप ठेवलं नाही. १५ मिनिटांत ५ चुका झाल्या की थोडी वाट पाहायला लावायची, आणि पुढच्या प्रत्येक चुकीला ती वाट दुप्पट करायची, जास्तीत जास्त एका तासापर्यंत. शिवाय ज्या फोनवरून किंवा संगणकावरून ग्राहक आधी यशस्वीपणे आत आलेला आहे, तिथे आम्ही सही केलेली एक कुकी ठेवतो. ती कुकी घेऊन येणाऱ्याची मोजणी वेगळ्या खात्यावर होते. बाहेरचा कुणी कितीही चुका करो, बाईंच्या स्वतःच्या फोनवरून बाईंचं दार अडत नाही.

मोजणी रेडिसमध्ये ठेवली, आणि तिथे एक बारीक खाच आहे. आकडा वाढवायचा आणि मग त्याला मुदत लावायची असं दोन पायऱ्यांत लिहिलं, आणि मधेच प्रोग्रॅम पडला, तर मुदत लागतच नाही. तो आकडा कायमचा राहतो आणि त्या ग्राहकाचं खातं कायमचं अडतं. कारण कुणाला सापडत नाही. म्हणून दोन्ही गोष्टी एकाच व्यवहारात:

```python
p = r.pipeline(transaction=True)
p.set(key, 0, ex=900, nx=True)
p.incr(key)
n = p.execute()[1]
```

९०० म्हणजे सेकंद, अर्थात १५ मिनिटं. `nx` मुळे मुदत पहिल्यांदाच लागते, प्रत्येक चुकीला पुढे ढकलली जात नाही.

हा आकडा पासवर्ड तपासण्याच्या आधी बघायचा. वाट पाहायला लावलेल्या काळात पासवर्ड तपासायचाच नाही आणि बरोबर असो वा चूक, एकच उत्तर द्यायचं. नाहीतर कुलूप लागलेलं असतानाही चोराला कुठली चावी बसते ते कळत राहतं. नसलेल्या खात्यांवरही अगदी तसंच कुलूप लावायचं. फक्त खऱ्याच खात्यांना कुलूप लागत असेल, तर कुलूपच सांगतं की इथे खातं आहे.

आयपीच्या पहारेकऱ्याला आम्ही वेगळा प्रश्न विचारायला शिकवलं. किती वेळा आलास हे न विचारता, किती अनोळखी खाती घेऊन आलास ते विचार. २४ तासांत एका पत्त्यावरून ६ अनोळखी खाती तपासली गेली, आणि ती त्या पत्त्यावरच्या एकूण प्रयत्नांच्या निम्म्याहून जास्त असली, तर तो पत्ता संशयित. 'निम्म्याहून जास्त' ही अट मोबाइल कंपन्यांच्या त्या गर्दीच्या पत्त्यांना वाचवते. तिथे शेकडो माणसांत सहा चुकणारी असणारच. यशस्वी लॉगिन झालं म्हणून हा आकडा शून्य करायचा नाही. चोर स्वतःचं एक खरं खातं उघडतो आणि दर काही प्रयत्नांनंतर त्यानं लॉगिन करून मोजणी पुसत राहतो. ही युक्ती जुनी आहे आणि अजून चालते. नव्या पद्धतीच्या आयपीव्ही६ पत्त्यांत एका घराला पत्त्यांचा अख्खा डोंगर मिळतो, म्हणून तिथे एकेक पत्ता न मोजता `/64` चा सबंध गट एक धरायचा. आणि वेबसाइटसमोर सीडीएन असेल तर आधी नीट तपासायचं की नोंदीत येणारा पत्ता ग्राहकाचा आहे की सीडीएनचाच. `X-Forwarded-For` हे शीर्षक जो पाठवेल त्याच्या मर्जीचं असतं, त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला तर चोर दर वेळी नवा पत्ता सांगतो आणि आपण तो लिहून घेतो. फक्त आपल्या सीडीएनच्या यंत्रांकडून आलेलं शीर्षकच खरं मानायचं.

पण आकडेमोड केली तर लक्षात येतं की एवढ्यानं भागत नाही. त्या रात्री एका पत्त्यावरून सरासरी बाराच्या आतच प्रयत्न होते. सहाव्यानंतर अडवलं तरी निम्मे आत आलेच. म्हणून तिसरा पहारेकरी ठेवला, कुठल्याही एका माणसाकडे न बघणारा. तो अख्ख्या दारावरची गर्दी बघतो. गेल्या ५ मिनिटांत किमान ५० प्रयत्न झाले असतील आणि त्यातले २० टक्क्यांहून जास्त अनोळखी खात्यांचे असतील, तर सगळ्या लॉगिनला कडक नियम लागू. कडक म्हणजे काय? ओळखीची कुकी असलेल्या ग्राहकाला काहीच फरक जाणवत नाही. कुकी नसेल तर बरोबर पासवर्डनंतरही ईमेलवर आलेला सहा आकडी कोड द्यावा लागतो. ५० ची अट का? रात्री आमच्याकडे ५ मिनिटांत दहा-बाराच लोक येतात. त्यात तीन जण चुकले तरी २० टक्के होतात आणि उगाच घंटा वाजते.

कोड पासवर्डच्या आधी मागायचा की नंतर, यावर आमच्यात बराच वाद झाला. आधी मागितला तर ज्यांच्याजवळ चुकीचा पासवर्ड आहे त्यांच्यासाठीही कोड सुटतात, आणि हल्ल्याच्या रात्री हजारो ग्राहकांच्या पेटीत नको ते ईमेल पडतात. एसएमएस असेल तर बिलही येतं. नंतर मागितला तर चोराला कळतं की हा पासवर्ड बरोबर होता. आम्ही नंतरचा पर्याय घेतला आणि त्याला एक जोड दिली. कडक काळात बरोबर पासवर्ड पडला पण कोड आला नाही, तर तो पासवर्ड तिथेच रद्द आणि ग्राहकाला चिठ्ठी. कोड विसरून झोपी गेलेल्या खऱ्या ग्राहकालाही कधीकधी यामुळे नवा पासवर्ड करावा लागतो. हे आम्हाला मान्य होतं. कोड टाकण्याच्या चौकटीलाही वेगळी मर्यादा हवी, ५ चुकांनंतर कोड बाद. नाहीतर चोर तिथेच अंदाज बांधत बसतो.

नियम चालू करण्याआधी आम्ही गेल्या ३० दिवसांच्या नोंदी त्यांच्यातून चालवून पाहिल्या. या सगळ्या कामातला मला सर्वात मोलाचा वाटलेला भाग हाच. हल्ल्याच्या रात्री कडक नियम १ वाजून १५ मिनिटांनी लागला असता. तोवर मिनिटाला ११४ च्या वेगानं सुमारे ५७० प्रयत्न झाले असते, म्हणजे २१२ ऐवजी चारेक खाती उघडली असती. पण त्याच चाचणीत सेलच्या दिवशीची दुपारही दिसली. एका मोबाइल पत्त्यावरून तासाभरात ३४० खरे ग्राहक आले होते. माझ्या पहिल्या मसुद्यात 'एका पत्त्यावरून तासाला १० चुका' अशी मर्यादा होती. ती त्या पत्त्यावर अकराच मिनिटांत लागली असती.

नियम लागले आणि नवव्या दिवशी घंटा वाजली. वेबच्या दारावरचा हल्ला दहा मिनिटांत थांबला. आम्ही खूश होतो. संध्याकाळी सहकारीनं सगळे मार्ग एकत्र बघितले तर `/api/v1/login` या पत्त्यावर रांग लागली होती. मोबाइल ॲपच्या तीन वर्षांपूर्वीच्या आवृत्तीसाठी ठेवलेलं ते मागचं दार. ॲप वापरणारे बहुतेक सगळे नव्या आवृत्तीवर गेले होते, दार मात्र उघडंच होतं आणि तिथे एकही मोजणी नव्हती. त्यानंतर मोजणी दारात न ठेवता पासवर्ड तपासणाऱ्या कार्यातच ठेवली. कुणी कुठूनही येवो, पासवर्ड तपासायचा तर त्याच एका जागेतून जावं लागतं.

तरीही एक हल्ला या सगळ्यातून सुटतो. दिवसा आमच्याकडे मिनिटाला ४० लॉगिन होतात. कुणी त्यात मिनिटाला पाचच प्रयत्न मिसळले, तर अनोळखी खात्यांचं प्रमाण १५ टक्क्यांच्याही आत राहतं आणि घंटा वाजत नाही. महिनाभरात तो दोन लाखांहून जास्त चाव्या लावून बघतो. २० टक्क्यांची रेघ खाली आणली तर खरे ग्राहक अडखळू लागतात. अशा सावकाश चोराला मोजणीनं पकडणं अवघड आहे. त्याच्या हातातल्या चाव्याच निकामी कराव्या लागतात. फुटलेल्या पासवर्डांची मोफत यादी ट्रॉय हंट चालवतो आणि ती वापरायला पासवर्ड कुणाला द्यावा लागत नाही. पासवर्डच्या शा-१ हॅशची पहिली पाच अक्षरंच पाठवायची:

```
https://api.pwnedpasswords.com/range/5BAA6
```

उत्तरात त्या पाच अक्षरांनी सुरू होणारे शेकडो हॅश येतात. आपला त्यात आहे का ते आपल्याच यंत्रावर बघायचं. ग्राहक यशस्वीपणे आत आला की त्या क्षणी त्याचा पासवर्ड आपल्या हातात असतो, तेवढ्यात ही तपासणी उरकते. यादीत सापडला तर पुढच्या वेळी नवा पासवर्ड मागायचा.

चिपळूणच्या बाईंचे पॉइंट दुकानानं त्याच आठवड्यात परत केले. त्यांच्या पासवर्डचा हॅश आम्ही तपासला नव्हता, कारण तेव्हा ती सोय नव्हती. सोय सुरू झाल्यावर महिन्याभरात त्यांनी स्वतःहून पासवर्ड बदलला आणि ग्राहक सेवेला फोन करून विचारलं, "आता बँकेचाही बदलू का? तो पण तोच होता." फोनवरचा मुलगा म्हणाला, "ताई, फोन ठेवायच्या आधी बदला. मी थांबतो."